येईल तेव्हा येईल

जून उजाडला की वेल्ह्यात सरळ वाक्य कानावर पडत नाही. जो तो 'की'च्या आधाराने बोलतो. "मृग लागला की पेरू." "तरवा वीतभर झाला की चिखलणीला लागू." "खाचरात पाणी साचलं की बैलं धरू." आणि पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीला फोनवर, "लावणी उरकली की येते गं, आत्ता नाही जमायचं." तोरण्याच्या पायथ्याला तेव्हा सगळं रिकामं असतं. उन्हाळ्यात भाजलेल्या राबाची काळी राख वाफ्यावर तशीच पडलेली असते, कुणी घाई करून धूळवाफेवर दाणे फेकलेले असतात, आभाळात ढग येतात आणि कोकणातून आले तसे पुढे निघून जातात. घडलेलं काहीच नसतं. तरी क्रियापदं मात्र सगळी घडून गेल्यासारखी: लागला, झाला, साचलं, उरकली.

मी या भागात इंग्रजी शिकवते. माझं रोजचं जाणं-येणं भोरकडून. एस.टी. हमरस्त्याला लागते, चेलाडी फाट्याला आत वळते, मार्गासनी, विंझर मागे टाकत वेल्ह्याला पोहोचते. या प्रवासात कानावर पडणाऱ्या वाक्यांची मला सवय झाली आहे. आणि शाळेत पोहोचल्यावर वह्यांमधून समोर येणाऱ्या वाक्यांचीही. दोन्हींचा विषय बहुधा एकच असतो, पाऊस. गाडीत आजी म्हणते, "पाऊस आला की बघू." वहीत तिचा नातू लिहितो, 'व्हेन द रेन विल कम, वुई विल प्लँट राइस.' मला त्या दुसऱ्या वाक्यातला पहिला 'विल' खोडावा लागतो. उरलेल्या वाक्यात खोट नाही. 'व्हेन द रेन कम्स, वुई विल प्लँट राइस.' पाऊस यायचाय, लावणी व्हायचीय, दोन्ही गोष्टी उद्याच्या. पण इंग्रजीला उद्याची खूण एकदाच लागते, आणि तीही लावणीपाशी. पावसापाशी ती साधा वर्तमानकाळ ठेवून मोकळी होते.

नियम म्हणून सांगितलं तर हे दोन ओळींत संपतं. व्हेन, इफ, अनटिल, बिफोर, आफ्टर, ॲज सून ॲज, अनलेस यांनी सुरू होणाऱ्या, वेळ किंवा अट सांगणाऱ्या उपवाक्यात भविष्यकाळाचा 'विल' येत नाही. तिथे वर्तमान येतो. मुलं हे पाठ करतात, रिकाम्या जागा बरोबर भरतात आणि निबंधात पुन्हा 'व्हेन माय फादर विल कम' असं लिहितात. आजी त्याच गोष्टीला कधीच भविष्यकाळ लावत नाही. मग नातवाच्या वहीत हा 'विल' येतो कुठून?

तो येतो 'जेव्हा–तेव्हा' या जोडीतून. मराठीत हीच गोष्ट सांगायच्या दोन वाटा आहेत. एक, 'पाऊस आला की लावू'. दुसरी, 'जेव्हा पाऊस येईल तेव्हा आम्ही भात लावू'. दुसरीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे आणि मराठीच्या दृष्टीने तो चोख आहे. भाषांतराच्या तासाला मात्र हीच वाट नेहमी पुढे येते, कारण तिची ठेवण इंग्रजीसारखी दिसते: आधी जोडणारा शब्द, मग कर्ता, मग क्रियापद. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांच्या पिढ्या वाढल्या त्या घरांतही 'व्हेन म्हणजे जेव्हा' हे समीकरण घट्ट बसलेलं आहे. एकदा 'जेव्हा' मनात आला की 'येईल' आपोआप येतो, आणि 'येईल'चा 'विल कम' व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे चूक बोलीतून आलेली नाही. बोली बाजूला ठेवून जी वहीची मराठी आपण त्यांच्या हातात दिली, तिच्यातून ती आली.

म्हणून मी फळ्यावर नियम लिहायच्या आधी धरण लिहिते. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण आहे. जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, पण लोकांच्या तोंडी भाटघरच. इंग्रज अमदानीत बांधलेल्या या धरणाला पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला चढलं की ते उघडतात. इथल्या प्रत्येक मुलाने ते उघडल्याची बातमी ऐकलेली असते, बऱ्याच जणांनी पुलावर उभं राहून ते पांढरं पाणी पाहिलेलंही असतं. मग आम्ही एकाच वाक्याची तीन रूपं करतो.

'धरण भरलं की दरवाजे उघडतात.' ही रीत झाली, दरसालची. 'धरण भरलं की दरवाजे उघडतील.' हे या वर्षीचं, अजून व्हायचंय. 'धरण भरलं की दरवाजे उघडायचे, आम्ही बघायला जायचो.' हे आजोबांच्या लहानपणचं. तिन्ही वाक्यं खाली-खाली लिहिली की मुलांना न सांगता दिसतं: मागचा भाग बदलतोय, पुढचा 'भरलं' जागचा हललेला नाही. आज, उद्या, पूर्वी, काहीही असो, 'भरलं' ते 'भरलं'. मग हा भूतकाळ कसा? दिसायला भूतकाळाचं रूप, पण इथे ते काळ सांगतच नाही. ते एवढंच सांगतं की भरण्याची क्रिया पुरी झालेली धरा. केव्हा, ते वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाला विचारा.

आता इंग्रजी. 'व्हेन द डॅम फिल्स, द गेट्स ओपन.' 'व्हेन द डॅम फिल्स, द गेट्स विल ओपन.' पहिल्यात रीत, दुसऱ्यात यंदाची गोष्ट, आणि दोन्हींत 'फिल्स' तसाच. पूर्वीच्या वाक्याला मात्र इंग्रजी 'फिल्ड' मागते. तिथे ती मराठीइतकी बेफिकीर नाही. पण रीत आणि उद्या यांच्यातला फरक दोन्ही भाषा एकाच जागी ठेवतात, मुख्य वाक्यात. अटीच्या वाक्याला त्या कामाला लावत नाहीत. मराठी तिथे पुरं झालेलं रूप ठेवते, इंग्रजी साधा वर्तमान. रूपं वेगळी, शहाणपण एकच: धरण भरेल असं भाकीत मी करत नाहीये. ते भरलंय असं समजून पुढचं बोलतेय. माझं भाकीत दरवाज्यांबद्दल आहे.

या शहाणपणामागे इंग्रजीचा एक जुना इतिहासही आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला भविष्यकाळाचं वेगळं रूपच नव्हतं. वर्तमान आणि भूत, एवढ्यावर भागायचं. उद्याचं बोलणंही वर्तमानातच व्हायचं. 'विल' हे तेव्हा इच्छेचं क्रियापद होतं, 'शॅल' देणं लागण्याचं, बांधिलकीचं. मी करू इच्छितो, मी करणं लागतो, असं म्हणता म्हणता ती दोन्ही झिजून भविष्याची खूण झाली. ही झीज मुख्य वाक्यांत पसरली, कारण माणूस संकल्प तिथे सोडतो. वेळेच्या आणि अटीच्या उपवाक्यांत जुना वर्तमान बराचसा टिकून राहिला. अगदी सरळ रेषेत नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात आणि कायद्याच्या भाषेत अशा उपवाक्यांतही 'शॅल' भरपूर सापडतो. पण रोजच्या बोलण्यातून तो गळाला. पावसाला इच्छा नसते आणि तो कुणाचं देणंही लागत नाही, तेव्हा 'व्हेन द रेन'च्या पुढे 'विल' उपराच वाटायचा.

आपल्याकडेही असा एक जुना वर्तमान दडून बसलेला आहे. 'येईल'मधला 'येई' ज्ञानेश्वरांच्या काळात वर्तमानकाळ होता. तो येई म्हणजे तो येतो. पुढे त्याला 'ल' चिकटला आणि भविष्यकाळ झाला. नुसता 'येई' पूर्वीच्या सवयीकडे सरकला. पण 'पाऊस येईपर्यंत थांब' म्हणताना आपण 'ल' लावत नाही. 'येईलपर्यंत' असं वेल्ह्यातलं दोन वर्षांचं पोरही म्हणणार नाही. 'अनटिल द रेन कम्स' लिहिताना 'विल' का नाही, असं कुणी विचारलं तर मी 'येईपर्यंत' लिहून त्यातला गायब 'ल' दाखवते. वर्गात एकदम शांतता होते, मग मागून कुणीतरी म्हणतं, "हां बाई, 'करीपर्यंत', 'जाईपर्यंत'... कुठंच नाही." आपल्याच तोंडातली गोष्ट अशी सापडली की मुलं नियम विसरत नाहीत.

'अनटिल'ची खरी खोड मात्र निराळी. भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट पावसाळ्यात दरडींच्या भीतीने बंद ठेवतात, पोरांना हे माहीत असतं. 'दरडी पडायच्या थांबत नाहीत तोवर घाट सुरू होणार नाही,' हे वाक्य इंग्रजीत करायला दिलं की हमखास 'अनटिल द लँडस्लाइड्स डू नॉट स्टॉप' असं येतं. इथे 'विल' नाही, वर्तमान आहे, काळ बरोबर आहे. तरी वाक्याचा अर्थ उलटला. मराठी 'तोवर' म्हणताना थांबण्याच्या अलीकडचा सगळा काळ डोळ्यासमोर धरते, ज्यात दरडी थांबत नाहीत. 'अनटिल' पलीकडचा काठ धरतो, ज्या क्षणी त्या थांबतात. म्हणून नकार तिथे नको: 'अनटिल द लँडस्लाइड्स स्टॉप'. ही चूक ओळखायची सोपी खूण म्हणजे मराठी वाक्य 'थांबेपर्यंत'ने करून पाहायचं. 'थांबेपर्यंत'मध्ये नकार नाही, म्हणजे इंग्रजीतही नाही.

आता सगळ्यात फसवं प्रकरण. नियम पक्का पाठ असलेली मुलगी परीक्षेत लिहिते, 'आय डोन्ट नो व्हेन शी कम्स', आणि तिथे नेमका 'विल' हवा असतो. ती रडकुंडीला येते. व्हेनच्या पुढे विल नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं ना, बाई? सांगितलं होतं, पण हा 'व्हेन' तो नव्हे. भोरच्या एस.टी. स्टँडवर उभ्या असलेल्या दोघी बहिणींची मी तिला गोष्ट सांगते. आत्या स्वारगेटहून निघालीय. धाकटीच्या हातात मोबाइल. थोरली म्हणते, "आत्या आली की विचार." म्हणजे आता काही करू नकोस, ती उतरू दे, मग जे विचारायचं ते विचार. 'आस्क हर व्हेन शी कम्स.' आता थोरली म्हणते, "आत्या कधी येईल ते विचार." म्हणजे आत्ताच फोन लाव. 'आस्क हर व्हेन शी विल कम.' इंग्रजीच्या दोन वाक्यांत फरक एका 'विल'चा, पण एका वाक्यावर धाकटी गप्प उभी राहते आणि दुसऱ्यावर फोन काढते.

मराठी इथे आपल्याला मोठी सोय करून देते. इंग्रजीच्या एका 'व्हेन'साठी आपल्याकडे दोन निराळे शब्द आहेत. प्रश्नातला 'कधी' आणि वेळ सांगणारा 'की' किंवा 'जेव्हा' किंवा 'आल्यावर'. 'कधी' बसत असेल तर ते उपवाक्य म्हणजे पोटात घेतलेला प्रश्न. भविष्याचं विचारणं असेल तर तिथे 'विल' खुशाल येऊ द्या. 'की' बसत असेल तर वर्तमान. 'इफ'लाही हेच लागू पडतं. 'पाऊस येईल का माहीत नाही' यातला 'का' प्रश्नाचा, म्हणून 'इफ इट विल रेन'. 'पाऊस आला तर' यातला 'तर' अटीचा, म्हणून 'इफ इट रेन्स'. गोंधळ झाला की इंग्रजी वाक्य मनात मराठीत म्हणून बघायचं आणि आपल्या ओठांवर कुठला शब्द येतो ते ऐकायचं.

आणि एक सूट. पाहुण्याला बसवताना इंग्रज माणूस म्हणतो, 'इफ यू विल वेट अ मोमेंट'. इथे अट आहे, तरी 'विल' आहे. हा तो जुना, इच्छेचा 'विल', अजून जिवंत: तुमची तयारी असेल तर. गंमत म्हणजे मराठीही अगदी इथेच 'आला तर'ची वाट सोडते. "जरा थांबशील तर बरं होईल." "तू सांगशील तर तो ऐकेल." 'थांबलास तर' म्हटलं की ती नुसती अट होते, 'थांबशील तर' म्हटलं की विनंती. पावसाला मात्र असं विनवता येत नाही, म्हणून 'पाऊस पडेल तर' कानाला खटकतं.

पुरं झाल्याची जी छटा 'उरकली की'मध्ये आहे, ती इंग्रजीत आणायची असेल तर साधा वर्तमान कधी कधी कमी पडतो. "जेवलास की ये" याचं 'कम व्हेन यू ईट' केलं तर माणूस ताट हातात घेऊनच येईल. तिथे 'व्हेन यू हॅव ईटन' हवं. 'लावणी उरकली की येते' म्हणणाऱ्या त्या आईचं वाक्यही 'व्हेन वुई हॅव फिनिश्ड द प्लँटिंग'नेच नीट उतरतं, कारण तिच्या बोलण्यात शेवटचं रोप चिखलात रोवल्याचा सुस्कारा आहे. 'विल' तरीही कुठेच नाही.

इतकं झाल्यावर मला 'जेव्हा येईल तेव्हा'वर अन्याय केल्यासारखं वाटतं. ती वाट नुसती वहीतली नाही. बोलण्यातही ती आहे, पण तिचं काम वेगळं. पुण्याला गेलेला मुलगा लावणीला येतो म्हणाला. शेजारीण विचारते तेव्हा आई "तो आला की लावू" म्हणाली तर समजावं, ती त्याला धरून बसली आहे. मनाने तिने त्याला आणूनही ठेवलंय. "तो येईल तेव्हा येईल, आम्ही आमचं लावून घेऊ," असं म्हणाली तर तिने त्याच्यावरून हात उचललाय. "आला तर बरंच आहे" यात दोन्हींच्या मधलं काहीतरी. तिन्ही वाक्यांतला मुलगा तोच, गाडी तीच, रजाही तेवढीच. क्रियापदाच्या शेपटात आईचा भरवसा तेवढा कमी-जास्त झालेला असतो. इंग्रजीत हे तीन थर नाहीत. 'इफ' आणि 'व्हेन' एवढा एक पदर तिच्याकडे आहे. पण 'येईल तेव्हा येईल' मात्र ती झकास म्हणते: 'ही विल कम व्हेन ही कम्स.' आपण 'येईल' दोनदा म्हणतो, ती एकदाच. पहिल्यात आईचं म्हणणं, दुसऱ्यात त्याची मर्जी. आणि मर्जीला ती 'विल' लावत नाही.

या धड्याचा शेवट मी अर्ध्या वाक्याने करते. फळ्यावर फक्त पुढचा भाग लिहिते, 'इफ द रेन डझन्ट कम', आणि मागचा भाग मुलांनी पुरा करायचा. नियमाचं काम तिथे संपलेलं असतं. 'डझन्ट कम' मीच लिहून दिलेलं, त्यात कुणाला चुकायला वाव नाही. मग वह्या येतात. कुणी लिहितं, तरवा करपेल. कुणी, आम्ही पुन्हा पेरू. कुणी, दुसऱ्या गावाहून रोपं विकत आणू. कुणी, बाबा पुण्याला वॉचमनच्या कामाला जातील. एका वहीत नुसतं, 'वुई विल वेट.' पुढचा भाग सगळ्यांचा एक, त्यात काही करता येत नाही. मागचा भाग प्रत्येकाचा वेगळा, कारण प्रत्येक घराची सोय वेगळी. 'विल' कुठे घालायचा हे त्या दिवशी मला कुणाच्याच वहीत दुरुस्त करावं लागत नाही. त्याच्यापुढे त्यांनी काय लिहिलंय, ते वाचण्यातच तास संपतो.